वडिलांच्या आजारपणासाठी नोकरी थांबवतो आहे. हे चार ओळींत, ओशाळे न होता कसे लिहावे?

चाकणकर (शनिवार, रात्री ९.५०)

नमस्कार. मी कोथरूडला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात पुरवठादारांकडून येणाऱ्या सुट्या भागांची गुणवत्ता पाहतो. या कामाला एकोणीस वर्षे झाली. माझे वडील शहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना नऊ वर्षांपासून कंपवात आहे. त्यांची मुख्य गोळी सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात आणि रात्री दहा अशी पाच वेळा द्यावी लागते. गोळीला अर्धा तास उशीर झाला तरी त्यांचे पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि ते तिथेच उभे राहतात. वरण, दूध किंवा अंडे यांच्याबरोबर गोळी पोटात गेली तर ती नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाच्या वेळाही तिच्याभोवती बसवाव्या लागतात. ब्युरोतून माणसे ठेवून पाहिली. तीन महिन्यांत चार जण बदलले आणि प्रत्येकाला हे वेळापत्रक पहिल्यापासून शिकवावे लागले. आई नाही. पत्नीची नोकरी चालू राहील आणि मी घरी राहीन, असे आम्ही दोघांनी विचार करून ठरवले आहे. माझा राजीनामा मंजूर झाला असून ३१ ऑक्टोबर २०२५ हा शेवटचा दिवस आहे.

प्रश्न लहान आहे, पण आठवडाभर तो सुटलेला नाही. लिंक्डइनवर आणि पुरवठादारांच्या व्हॉट्सॲप गटावर मला चार ओळींचे कॅप्शन टाकायचे आहे. आमच्या मनुष्यबळ विभागाने “वैयक्तिक कारणास्तव एवढेच लिहा, पुढे त्रास नको” असे सुचवले. मला ते लिहायचे नाही. भोसरी-चाकणचे बरेचसे पुरवठादार मराठीच वाचतात, म्हणून मजकूर आधी मराठीत हवा. माझा पहिला मसुदा असा आहे:

“नमस्कार. आपणा सर्वांना कळवण्यास खेद होतो की, वडिलांच्या आजारपणामुळे मला नाइलाजाने नोकरीतून काही काळ ब्रेक घ्यावा लागत आहे. वडिलांची सुश्रुषा करणे हे माझे कर्तव्य असल्याने हा कठीण निर्णय घ्यावा लागला. लवकरच नव्या जोमाने परत येईन. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

लिहून झाल्यावर वाचले, तेव्हा एखाद्या गुन्ह्याची कबुली दिल्यासारखे वाटले. नेमके काय चुकले आहे, ते कृपया सांगावे.

शिरीष (शनिवार, रात्री १०.२०)

कॅप्शन लहान असावे आणि फोटो बोलका असावा. वडिलांचा सुरकुतलेला हात तुमच्या हातात धरलेला असा जवळून घेतलेला फोटो टाका आणि खाली एखादी कवितेची ओळ द्या. माझ्या आईच्या आजारपणात मी रुग्णालयातला तसा फोटो टाकला होता आणि शेकडो लोकांनी प्रेमाने विचारपूस केली.

चाकणकर (शनिवार, रात्री १०.३५)

शिरीष, आभारी आहे. मात्र मी फोटोखालच्या ओळीबद्दल विचारत नव्हतो. फोटो नसेल, फक्त मजकूर असेल. बाबांच्या हाताला कंप आहे आणि लोकांसमोर ते तो हात नेहमी दुसऱ्या हाताखाली ठेवतात. जो हात ते स्वतः झाकतात, त्याचा फोटो मी लावणार नाही.

शिरीष (शनिवार, रात्री १०.४०)

समजले. मी प्रश्न नीट वाचला नव्हता. माझ्या आईला मी तेव्हा विचारले नव्हते, हेही आता लिहिताना लक्षात आले.

अनुस्वार (शनिवार, रात्री ११.१५)

मी पंचवीस वर्षे दुसऱ्यांचे मजकूर तपासण्याचे काम करत आहे, म्हणून केवळ भाषेपुरते बोलतो. तुम्हाला कबुलीजबाबासारखे वाटते, त्याचे कारण “खेद” आणि “क्षमस्व” हे दोन शब्द आहेतच. पण ते दोन्ही काढले तरी मजकूर ओशाळाच राहील, कारण खरे दुखणे क्रियापदात आहे. तुमच्या मसुद्यात “मी” हा कर्ता शोधून पाहा. “मला घ्यावा लागत आहे”, “निर्णय घ्यावा लागला” अशीच सगळी रचना आहे. तुम्ही फक्त “परत येईन” या वाक्यात कर्ते होता आणि तेही भविष्यकाळात. म्हणजे वाचणाऱ्याला असे दिसते की सध्या तुमच्या बाबतीत काहीतरी घडते आहे आणि तुम्ही माणूस म्हणून पुन्हा उभे राहाल ते नोकरीत परतल्यावर. प्रत्यक्षात तुम्ही पत्नीशी बोलून, पर्याय तपासून, तारीख ठरवून एक गोष्ट केली आहे. ज्याने निर्णय घेतला त्याने “निर्णय घ्यावा लागला” का लिहावे? “मी ठरवले आहे” असे लिहिले की पुढची अर्धी दुरुस्ती आपोआप होते.

दुसरी गोष्ट “मुळे” या शब्दाची. “पावसामुळे सामना रद्द झाला”, “अपघातामुळे रस्ता बंद आहे” अशा वाक्यांत “मुळे”च्या आधी येणारी गोष्ट ही अडचण असते. “वडिलांच्या आजारपणामुळे ब्रेक” असे लिहिले की वडील त्या जागी जाऊन बसतात. “वडिलांसाठी” किंवा “वडिलांच्या शुश्रूषेसाठी” असे लिहून पाहा. तुमचे वडील हा मजकूर वाचू शकत असतील, तर त्यांच्या डोळ्यांनी तो एकदा वाचा.

“कर्तव्य” मी काढेन. तो शब्द खोटा नाही, पण त्यात वाचणाऱ्याकडून मान्यता मागितल्याचा सूर आहे. आणि “शुश्रूषा” या शब्दाचे लेखन तपासून घ्या.

मृण्मयी (रविवार, सकाळी ९.०५)

मी सोळा वर्षे पुण्यात नोकरभरतीचे काम करते, त्यात उत्पादन क्षेत्रातल्या बऱ्याच जागा असतात. टेबलाच्या पलीकडून हा मजकूर कसा वाचला जातो ते सांगते.

“वैयक्तिक कारणास्तव” या दोन शब्दांनी कोणाचेही रक्षण होत नाही. ती मोकळी जागा वाचणारा स्वतः भरतो आणि बहुतेक वेळा वाईट गोष्टीनेच भरतो. वरिष्ठांशी भांडण झाले असेल, काढून टाकले असेल, तब्येत बिघडली असेल, असे तर्क सुरू होतात. “वडिलांची शुश्रूषा” असे स्पष्ट लिहिले, तर तर्काला जागा उरत नाही आणि मुलाखतीत त्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलणे होत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही राजीनामा दिला आहे की बिनपगारी रजेवर आहात, हे मसुद्यावरून कळत नाही. धाग्याच्या शीर्षकात तुम्ही “नोकरी थांबवतो आहे” असे लिहिले आहे आणि मसुद्यात “काही काळ ब्रेक” आहे. हे वाचून तुमच्या कंपनीत तुमची जागा राखून ठेवलेली आहे, असा समज होईल. राजीनामा मंजूर झाला आहे, तर “नोकरी सोडली आहे” असेच लिहा. पुढे कधी तुमची पार्श्वभूमी तपासली जाईल तेव्हा भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत कंपनी सोडल्याची तारीख दिसेल आणि ती तुमच्या लिहिण्याशी जुळली पाहिजे. गाळलेली वर्षे किंवा गोलमाल तारखा यांमुळे उमेदवार बाद झालेले मी पाहिले आहेत. आईवडिलांची काळजी घेतली, हे कारण स्पष्ट लिहिल्यामुळे माझ्यासमोर कोणी बाद झाले नाही. वेतनावर परिणाम मात्र होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही.

लिंक्डइनवर २०२२पासून अनुभवाच्या भागातच “Career break” अशी स्वतंत्र नोंद करता येते आणि तिच्या प्रकारांत “Caregiving” आहे. ती नोंद इंग्रजीत ठेवा, कॅप्शन मराठीत असू द्या. नोंद करताना “Notify network” बंद ठेवा, नाहीतर तुमच्या शब्दांच्या आधी यंत्राची सूचना सगळ्यांना जाईल. रिलीव्हिंग लेटर हातात येईपर्यंत काहीही टाकू नका.

माझा एक सल्ला असा की आजाराचे नाव लिहू नका. ती वडिलांची खासगी माहिती आहे आणि वाचणाऱ्याला “वडिलांची शुश्रूषा” एवढे पुरते.

निवृत्त (रविवार, सकाळी १०.३०)

सरकारी नोकरीत असताना मी आस्थापना शाखेत काम केले. माझ्या मते “ब्रेक” या परक्या शब्दाऐवजी “सेवाखंड” हा आपला रूढ शब्द वापरावा. शिवाय केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना आईवडिलांसाठी दोन वर्षांची संगोपन रजा देते. त्याचा उल्लेख केला, तर खासगी कंपन्यांनाही आपल्या निर्णयामागचे तत्त्व समजेल. “वैयक्तिक कारणास्तव” हे लिहू नये, याच्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. आमच्या फायलींत त्या शब्दांखाली काय काय लपलेले असे, ते मी पाहिले आहे.

मृण्मयी (रविवार, सकाळी ११.१०)

काका, दोन वर्षांची, म्हणजे ७३० दिवसांची, जी रजा तुम्ही म्हणता ती बालसंगोपन रजा आहे आणि ती फक्त अपत्यांसाठी आहे. आईवडिलांच्या आजारपणात केंद्रीय कर्मचाऱ्यांना आपली अर्जित, अर्धवेतनी किंवा नैमित्तिक रजाच वापरावी लागते. खासगी क्षेत्राला तर याबाबत कोणताही सर्वसाधारण कायदा लागू नाही. त्यामुळे कॅप्शनमध्ये रजेचा दाखला दिला, तर तो चुकीचा ठरेल.

अनुस्वार (रविवार, सकाळी ११.४०)

“सेवाखंड” या शब्दाबद्दलही थोडे सांगतो. सरकारी नियमांत तो शब्द निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून आला आहे. खंड पडला की आधीची सेवा धरायची की नाही, असा वाद होतो आणि तो खंड “क्षमापित” करून घ्यावा लागतो. ज्या शब्दाच्या शेजारी क्षमा मागण्याची सवय बसलेली आहे, तो शब्द चाकणकरांना हवा तो सूर देणार नाही.

निवृत्त (रविवार, दुपारी १२.००)

बरोबर आहे. रजेच्या बाबतीत माझी गल्लत झाली. “खंड क्षमापित करणे” हे शब्द मी स्वतः शेकडो टिपण्यांत लिहिले आहेत आणि तरी मला ते खटकले नव्हते.

रेवा (रविवार, दुपारी २.२५)

मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे आणि ती अनुस्वार यांच्या म्हणण्याच्या थोडी विरुद्ध आहे. जून २०१७मध्ये माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मी सहकारनगरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलणे, नळीतून भरवणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून रोज उजेडात त्वचा पाहणे, हे सगळे मार्च २०२१पर्यंत मी केले. मी “ठरवले” नव्हते. घरातल्या कोणी मला विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. सगळ्यांनी गृहीत धरले की शाळा मी सोडेन. आता मी “मी ठरवले आहे” असे लिहिले, तर ते खोटे होईल. “मला सोडावी लागली” हेच माझ्या बाबतीतले खरे वाक्य आहे आणि ते लिहिताना मला कसलीही लाज वाटत नाही.

माझ्या बायोडेटात त्या चार वर्षांसमोर “गृहिणी” असे लिहिलेले आहे. चाकणकर, तुम्ही कॅप्शन कसे लिहावे असे विचारत आहात, हे मला चांगले वाटले. पण माझ्यासारख्या बायकांना असे काही लिहायचे असते, हेच तेव्हा सुचले नव्हते.

अनुस्वार (रविवार, दुपारी ३.३०)

रेवाताई, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि मी माझे विधान दुरुस्त करतो. “लागले” हे रूप मुळात ओशाळे नाही. जे लादले गेले ते लादले गेले असे सांगणे हाही ताठपणाच आहे. चाकणकरांच्या मसुद्यात ते रूप खटकते, कारण त्यांच्या बाबतीत ते खरे नाही आणि शेजारी “खेद” आणि “नाइलाज” असल्यामुळे ते आणखी वाकते. तेव्हा क्रियापद जे घडले त्याप्रमाणे निवडावे, एवढेच म्हणतो.

चाकणकर (सोमवार, रात्री ९.३०)

सर्वांचे मनापासून आभार. “थांबवली” आणि “सोडली” यांतला फरक मला टोचला, कारण “सोडली” लिहायला हात धजत नव्हता आणि म्हणूनच मी दुसरा शब्द शोधला होता, हे मला कबूल केले पाहिजे. दुसरा मसुदा असा:

“चाकणमध्ये एकोणीस वर्षे काम केल्यानंतर मी ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी नोकरी सोडत आहे. माझ्या वडिलांना नऊ वर्षांपासून आजार आहे आणि त्यांची सुश्रुषा करण्यासाठी मी पूर्णवेळ घरी राहण्याचे ठरवले आहे. मी आता काळजीवाहकाच्या भूमिकेत आहे. माझ्याकडील कामे सहकाऱ्यांकडे सोपवली आहेत.”

“काळजीवाहक” या शब्दाविषयी मला खात्री नाही.

रेवा (सोमवार, रात्री १०.००)

पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात काळजी घेणाऱ्याला “शुभंकर” आणि आजार असलेल्या व्यक्तीला “शुभार्थी” म्हणतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तिथल्या सभांना जातात आणि ते स्वतःची ओळख अभिमानाने शुभंकर अशीच करून देतात. तुम्ही तो शब्द का वापरत नाही?

अनुस्वार (सोमवार, रात्री १०.२५)

मित्रमंडळात तो शब्द फार सुंदर काम करतो, कारण तिथे सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत आहे आणि “रुग्ण” हा शब्द त्यामुळे दूर राहतो. पण भोसरीचा पुरवठादार “मी शुभंकर आहे” हे वाचेल तेव्हा त्याला क्रीडास्पर्धेतले शुभंकर चिन्ह आठवण्याची शक्यता जास्त आहे. “काळजीवाहक” वाचताना निवडणुकीनंतरचे काळजीवाहू सरकार डोळ्यांसमोर येते, म्हणजे दुसरा येईपर्यंत जागा धरून बसलेला. दोन्ही नामे टाळता येतील. “मी अमुक आहे” असे सांगण्याऐवजी “मी अमुक करतो” असे लिहिले, तर मराठीत ते जास्त सरळ वाटते.

आणि “नऊ वर्षांपासून आजार आहे” हे वाक्य अर्धवट वाटते. आजाराचे नाव तरी द्या, नाहीतर उल्लेखच काढा. “आजार आहे” एवढे लिहिले की वाचणारा कुजबुजीत विचारतो, “म्हणजे नेमके काय?”

मृण्मयी (सोमवार, रात्री १०.५०)

माझे मत अजूनही नाव न लिहिण्याचे आहे. शिवाय शेवटी एक वाक्य जोडावे, असे सुचवते: पुढे कोणत्या प्रकारचे काम स्वीकारण्याची तुमची तयारी असेल. नोकरी देणारे लोक शेवटची ओळ लक्षात ठेवतात. “लवकरच परत येईन” असे नको, कारण कंपवातात “लवकर” कधी ते कोणालाच सांगता येत नाही, आणि त्या वाक्यात परतण्यासाठी काय व्हावे लागेल, याचाही विचार करावा.

चाकणकर (मंगळवार, दुपारी ४.२०)

मृण्मयी, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी काही वेळ गप्प बसलो. “लवकरच परत येईन” याचा अर्थ वडिलांच्या बाजूने काय होतो, हे मला खरोखर सुचले नव्हते. ते वाक्य गेले.

आज मजकूर बाबांना दाखवला. ते पूर्वी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. शाळेची पुस्तके, दिवाळी अंक, पंचांगे, सगळे त्यांच्या हातून गेलेले आहे. मोबाइलवर त्यांना वाचता येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत छापून आणले. अकराची गोळी लागू व्हायला पाऊण तास लागतो, म्हणून पावणेबारापर्यंत थांबलो. मग मांडीवर ट्रे ठेवला, त्यावर कागद ठेवला आणि त्यांनी लाल पेन मागितले.

त्यांनी पहिल्यांदा “सुश्रुषा” या शब्दावर रेघ मारली आणि समासात “शुश्रूषा” असे लिहिले. या आजारात हस्ताक्षर लहान लहान होत जाते. त्यांचे अक्षर आता तांदळाच्या कणीएवढे झाले आहे आणि शब्दाच्या शेवटी आणखी बारीक होते, पण दुसरा ऊकार दीर्घ काढलेला स्पष्ट दिसत होता. मग सावकाश बोलले. शुश्रूषेचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, सेवा हा अर्थ मागाहून आला, असे त्यांनी सांगितले. त्यांचा आवाज या आजाराने इतका खाली गेला आहे की ते सांगत असताना मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला होता.

दुसरी दुरुस्ती “नऊ वर्षांपासून” या शब्दांवर होती. ते पूर्ण खोडून त्यांनी समासात काढून टाकण्याची खूण केली. म्हणाले, “हा हिशेब माझा आहे, तुझा नाही.” तिसरी दुरुस्ती “आजार” या शब्दाची होती. तो खोडून त्यांनी “कंपवात” असे लिहिले. मी मृण्मयींचे म्हणणे त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, “हात लोकांना दिसतोच. नाव लिहिले नाही, तर दारू पितो म्हणतील.” त्यांनी त्यांच्यापुरता प्रश्न सोडवला आहे, म्हणून नाव राहील.

“काळजीवाहकाच्या भूमिकेत” या शब्दांपुढे त्यांनी फक्त प्रश्नचिन्ह काढले.

मृण्मयी (मंगळवार, दुपारी ५.१०)

ज्यांची माहिती आहे त्यांनीच निर्णय दिला, त्यामुळे माझा आक्षेप इथे संपतो. इतरांनी मात्र हे न विचारता करू नये, एवढे मी पुन्हा म्हणेन. पुढच्या कामाच्या वाक्याबद्दल माझे मत तेच आहे.

चाकणकर (शुक्रवार, रात्री ८.४५)

आज शेवटचा दिवस होता आणि रिलीव्हिंग लेटर मिळाले आहे. उद्या सकाळी जो मजकूर टाकणार आहे, तो असा:

“चाकणमध्ये पुरवठादारांच्या गुणवत्तेचे काम एकोणीस वर्षे केल्यानंतर मी ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी नोकरी सोडली आहे. माझ्या वडिलांना कंपवात आहे. त्यांची शुश्रूषा मी आता पूर्णवेळ करतो. हा मजकूर त्यांनी वाचून, दुरुस्त करून दिला आहे. माझ्याकडील प्रत्येक पुरवठादाराचे काम कोणत्या सहकाऱ्याकडे गेले आहे, ते आपल्याला स्वतंत्रपणे कळवले आहे. जुन्या कामासंबंधी काही विचारायचे असल्यास दुपारी चार ते पाच या वेळेत मला जरूर फोन करावा.”

चार ते पाच ही वेळ अशासाठी की तीनची गोळी तोवर लागू झालेली असते आणि बाबा स्वतः खुर्चीत बसून वाचत असतात. लिंक्डइनवर पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या दिसतात, म्हणून तारीख, नोकरी सोडणे आणि वडिलांचा उल्लेख आधी आणला आहे. मृण्मयी, पुढच्या कामाचे वाक्य मी लिहिलेले नाही. तुमचे म्हणणे चुकीचे आहे असे मला वाटत नाही, परंतु आज ते लिहिले तर वाचणारे बाबांच्या दिवसांची मोजणी सुरू करतील असे वाटते. वेळ येईल तेव्हा त्यासाठी वेगळा मजकूर लिहीन.

मृण्मयी (शुक्रवार, रात्री ९.१५)

मजकूर चांगला झाला आहे. त्या एका वाक्यावर आपले मत जुळणार नाही असे दिसते आणि तुमचा निर्णय मी समजू शकते. मात्र वर्षभरानंतर तुम्ही हे वाक्य जोडाल, तेव्हा मूळ मजकुरात फेरफार करू नका, नवीन लिहा.

उमा (शनिवार, सकाळी ७.४०)

संपूर्ण धागा वाचला. माझी अडचण अशी आहे की माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. मी डिसेंबरमध्ये नोकरी सोडणार आहे. तिला मजकूर वाचून दाखवला, तर ती आनंदाने मान डोलावेल, पण त्याला संमती म्हणता येणार नाही. ती बरी असताना या आजाराबद्दल घराबाहेर कोणालाच सांगू देत नसे. मग मी काय लिहावे?

अनुस्वार (शनिवार, सकाळी ८.३०)

तिच्या बऱ्या काळातला शब्द हीच तिची दुरुस्ती समजावी, असे मला वाटते. तेव्हा आजाराचे नाव येणार नाही. पण “आईची शुश्रूषा” असे लिहिले तरी आजार सूचित होतोच. तेवढे तिने चालवून घेतले असते का, हे तुम्हालाच ठाऊक असेल. मी यापलीकडे सांगू शकत नाही.

रेवा (शनिवार, सकाळी ९.२०)

उमा, “मी आता आईजवळ राहते आणि पूर्णवेळ तिचे पाहते” असे लिहिता येईल का? आमच्याकडे “तिचे कोण पाहते?” असेच विचारतात. त्यात आजार असतोही आणि नसतोही.

मी काल रात्री माझा बायोडेटा उघडला. “गृहिणी” हा शब्द काढला आणि तिथे लिहिले: “जून २०१७ ते मार्च २०२१. अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांची पूर्णवेळ शुश्रूषा. त्यासाठी शाळेतील नोकरी सोडावी लागली.” सासरे आता नाहीत, म्हणून सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी शेवटचे वाक्य मला पुन्हा एकदा वाचायला सांगितले आणि मग म्हणाल्या, “असू दे तसेच.”

उमा (शनिवार, सकाळी ९.५५)

“तिचे पाहते” हे मला लिहिता येईल. दुपारी ती जागी आणि शांत असते, तेव्हा तिला तरीही वाचून दाखवीन.